निरसे, पाश्चरीकृत व यूएचटी दूध : घरगुती साठवणीचा विचार

३ जून २०२० रोजी 'निसर्ग' चक्रीवादळ रायगड जिल्ह्याच्या किनाऱ्यावर आदळले. विजेचे खांब व तारा जमीनदोस्त झाल्या आणि जिल्ह्याच्या दक्षिण भागातील कित्येक गावांत अनेक दिवस वीज आली नाही. शीतकपाट हे त्या दिवसांत केवळ एक बंद कपाट होऊन बसले. अशा प्रसंगी घरात दूध किती आहे यापेक्षा ते कोणत्या प्रकारचे आहे, या गोष्टीला अधिक महत्त्व येते. वादळ दरवर्षी येत नाही हे खरे. परंतु पेण व रोहे या तालुक्यांत पावसाळ्यात वीज काही तास वा रात्रभर जाणे हा नेहमीचाच अनुभव आहे. त्यामुळे दुधाचे हे प्रकार नीट समजून घेणे प्रत्येक कुटुंबास उपयोगी पडेल.

या दोन्ही तालुक्यांत आज तीन प्रकारचे दूध घरोघरी येते. पहिले गोठ्यातून किंवा गवळ्याकडून थेट येणारे निरसे दूध. दुसरे पहाटे दुकानात येणाऱ्या प्लॅस्टिकच्या पिशवीतील पाश्चरीकृत दूध. तिसरे पुठ्ठ्याच्या बंद खोक्यात किंवा अनेक पदरी जाड पिशवीत मिळणारे, शीतकपाटाबाहेर टिकणारे यूएचटी दूध. दिसावयास तिन्ही पांढरी असली, तरी त्यांना मिळालेली उष्णता वेगळी आणि म्हणून त्यांची साठवणही वेगळी आहे. पिशवीवर 'टोन्ड' किंवा 'फुल क्रीम' असे जे छापलेले असते, त्याने दुधातील स्निग्धांश कळतो. दूध किती तापविले आहे ते त्यावरून कळत नाही. पिशवीचा रंग पाहून दुधाच्या टिकाऊपणाचा अंदाज बांधणे म्हणूनच चुकीचे ठरते.

दूध का नासते ?

निरोगी जनावराच्या कासेतून निघालेल्या दुधात जंतू फार थोडे असतात. ते वाढतात ते नंतर. सडाला लागलेले शेण, धार काढणाऱ्याचे हात, चरवीच्या सांध्यांत राहिलेले कालचे दूध, गाळण्याचे ओले फडके या सर्वांतून जंतू दुधात उतरतात. दूध कासेतून बाहेर पडते तेव्हा त्याची उष्णता सुमारे ३८ अंश सेल्सिअस असते आणि जंतूंच्या वाढीस ती अगदी अनुकूल असते. ताज्या दुधात जंतूंची वाढ रोखून धरणारी काही नैसर्गिक द्रव्ये असतात. ती उन्हाळ्यात साधारणपणे दोन तास काम देतात. त्यानंतर वाढ झपाट्याने होऊ लागते.

ही वाढ कशी होते हे साध्या हिशेबाने समजेल. अनुकूल उष्णतेत जंतू सुमारे अर्ध्या तासात दुप्पट होतात असे धरू. आरंभी एका मिलिलिटरमध्ये १,००० जंतू असले, तर अर्ध्या तासाने २,०००, एका तासाने ४,००० आणि असे होत होत पाच तासांनी ते दहा लाखांवर जातात. हेच दूध ४ अंशांपर्यंत थंड ठेवले तर दुप्पट होण्यास कित्येक तास लागतात. थंडीने जंतू मरत नाहीत, त्यांची वाढ मंदावते. उष्णतेने ते मरतात, पण सर्वच मरतात असे नाही. या दोन वाक्यांत दुधाच्या साठवणीचे सारे शास्त्र सामावलेले आहे.

दुधातील जंतूंचे स्थूलमानाने तीन वर्ग करता येतील. काही जंतू केवळ दूध आंबवितात. दह्यात उपयोगी पडणारे जंतू याच वर्गातील. काही रोग उत्पन्न करतात. काही जंतू मात्र संकट आले असता कठीण कवचाचे बीजाणू बनवून राहतात. भाताचे बी जसे कोरड्या जमिनीत पडून राहते व पाऊस पडताच रुजते, तसे हे बीजाणू उकळीतही टिकतात आणि दूध कोमट होताच पुन्हा वाढू लागतात. तिन्ही प्रकारच्या दुधांतील भेद या बीजाणूंवरूनच स्पष्ट होतो.

निरसे दूध

धारोष्ण दूध तसेच पिणे अधिक पौष्टिक असते, असा समज अनेक ठिकाणी आहे. दूध उकळल्याने काही जीवनसत्त्वे थोडी कमी होतात हे खरे. पण प्रथिने, स्निग्धांश व चुना हे घटक बहुतांशी कायम राहतात. याउलट निरशा दुधातून होणारी हानी मोठी असते. क्षय आणि ब्रुसेलोसिस हे रोग जनावरांकडून माणसांत निरशा दुधावाटे येऊ शकतात. ब्रुसेलोसिसमध्ये जनावर गाभडते. माणसास उलटून उलटून ताप येतो, घाम सुटतो, सांधे दुखतात, आणि पुष्कळदा त्यास हिवताप समजून उपचार चालू राहतात. जनावर बाहेरून धडधाकट दिसत असले तरी त्याच्या दुधात हे जंतू असू शकतात. म्हणून 'आमची गाय घरची आहे' एवढ्यावर विसंबून राहणे योग्य नव्हे. कालवडींना व पारड्यांना चार ते आठ महिन्यांच्या वयात ब्रुसेलोसिसची लस टोचून घेतल्यास रोग गोठ्यातच रोखता येतो.

निरसे दूध घरी आल्यावर त्यास दोनच मार्ग आहेत. धार काढल्यापासून दोन तासांच्या आत ते उकळावे, किंवा ४ अंशांपर्यंत थंड करावे आणि वापरण्यापूर्वी उकळावे. खेड्यात पहिलाच मार्ग सोयीचा आहे.

उकळण्याची कृतीही बारकाईने पाहण्यासारखी आहे. दूध वर येऊ लागताच पुष्कळजण भांडे उतरवितात. परंतु सायीखाली कोंडलेल्या वाफेने दूध सर्वत्र पुरते तापण्यापूर्वीच वर चढते. म्हणून दूध वर येताच आच मंद करावी, डावाने ढवळावे, आणि आणखी दोन मिनिटे उकळू द्यावे. नंतर भांडे झाकून परातीतील थंड पाण्यात ठेवावे. पाणी कोमट झाले की बदलावे. असे दोनदा केल्यास दूध लवकर निवते आणि जंतूंना अनुकूल अशा कोमट अवस्थेत फार वेळ राहत नाही.

ओल्या फडक्यात गुंडाळलेल्या मडक्यात दूध गार राहते, हा देशावरचा अनुभव आहे. पेणच्या खारपट्टीत किंवा रोह्याच्या कुंडलिकाकाठी तो तितका लागू पडत नाही. फडक्यातील पाणी हवेत उडून गेले तरच मडके थंड होते. कोकणातील दमट हवेत, विशेषतः पावसाळ्यात, ते पाणी उडतच नाही. येथे मडक्यावर विसंबण्यापेक्षा दर पाच-सहा तासांनी दुधास पुन्हा उकळी आणावी, हे उत्तम.

पाश्चरीकृत दूध

मुंबईकरांना दूध पुरविण्यासाठी १९४५ साली तत्कालीन मुंबई सरकारने गुजरातेतील आणंदहून रेल्वेने दूध आणण्याची योजना सुरू केली. एवढ्या लांबच्या प्रवासात दूध टिकावे म्हणून ते निघण्यापूर्वी पाश्चरीकृत केले जाई. पुढे १९४९ साली मुंबईजवळ आरे येथे दुग्ध वसाहत उभी राहिली आणि पाश्चरीकृत दुधाची सवय शहरास लागली. आज हेच दूध पिशव्यांतून पेण-रोह्यापर्यंत येते.

पाश्चरीकरण म्हणजे दूध उकळणे नव्हे. यंत्रात दूध ७२ अंशांपर्यंत तापवून १५ सेकंद त्या उष्णतेवर ठेवतात आणि लगेच ४ अंशांपर्यंत थंड करतात. एवढ्या उष्णतेने क्षय, ब्रुसेलोसिस यांसारख्या रोगांचे जंतू मरतात. आंबविणारे जंतूही बहुतेक मरतात. परंतु बीजाणू व उष्णतेस दाद न देणारे काही जंतू शिल्लक राहतात. त्यांना थंडीने दाबून ठेवावे लागते. याचा अर्थ असा की, पाश्चरीकृत दुधाचे रक्षण निम्मे उष्णतेने व निम्मे थंडीने होते. थंडी सुटली की निम्मे रक्षण संपले.

थंडीची साखळी सलग राहिली असल्यास हे दूध न उकळताही पिण्यास योग्य असते. परंतु दुग्धशाळेपासून रोह्याच्या आतील गावापर्यंत पिशवी येते, तेव्हा ती वाटेत किती वेळ उघड्या टोपलीत राहिली, हे ग्राहकास कळण्याचा मार्ग नसतो. म्हणून विकत घेताना पिशवी हातात धरून पाहावी. ती थंडगार लागली पाहिजे. कोमट किंवा फुगलेली पिशवी घेऊ नये. खेड्यात हे दूध घरी आणताच एकदा उकळणे इष्ट होय. त्यानंतर शीतकपाटात ते मागच्या बाजूस, खालच्या फळीवर ठेवावे. दरवाजातील कप्प्यात ठेवू नये, कारण दार उघडताच बाहेरची उष्ण हवा प्रथम तेथेच लागते. पिशवीवर छापलेली मुदत ही न फोडलेल्या व सतत थंड ठेवलेल्या पिशवीची असते. फोडलेले व उकळलेले दूध दोन दिवसांत संपवावे, आणि उरलेले दूध नव्या दुधात मिसळू नये. जुन्या दुधातील जंतू नव्यात गेले की दोन्ही दुधे एकाच वेळी नासतात.

यूएचटी दूध

या पद्धतीत दूध १३५ अंश किंवा त्याहून अधिक तापविले जाते. मात्र केवळ एक ते काही सेकंदच. उकळीत टिकणारे बीजाणूही या उष्णतेत मरतात. दूध पुरते निर्जंतुक झाले तरी ते साध्या भांड्यात ओतले तर पुन्हा दूषित होणारच. म्हणून ते निर्जंतुक केलेल्या जागी, निर्जंतुक केलेल्या वेष्टनात भरून बंद करतात. पुठ्ठ्याच्या खोक्यात कागद, प्लॅस्टिक व ॲल्युमिनियमचा पातळ पत्रा यांचे अनेक थर असतात; ते हवा, प्रकाश व जंतू यांस आत शिरू देत नाहीत. 'इतके दिवस टिकते म्हणजे त्यात काही औषध घातलेले असावे,' असा संशय अनेकजण व्यक्त करतात. तो निराधार आहे. हे दूध टिकते ते आत जिवंत जंतू उरले नाहीत आणि नवे शिरले नाहीत म्हणून.

न फोडलेले असे दूध सावलीत व कोरड्या जागी महिनोन्महिने राहते. जाड पिशवीतील दुधाची मुदत सामान्यतः तीन महिन्यांच्या आसपास व खोक्यातील दुधाची सहा महिन्यांच्या आसपास असते. नेमकी तारीख वेष्टनावर पाहावी. फोडल्याबरोबर मात्र त्याचा हा गुण नाहीसा होतो. त्या क्षणापासून ते साध्या दुधासारखेच नाशवंत होते. शीतकपाट असल्यास दोन-तीन दिवसांत, नसल्यास त्याच बैठकीत ते संपवावे. म्हणून खेड्यात एक लिटरच्या खोक्यापेक्षा २०० मिलिलिटरची लहान खोकी अधिक सोयीची ठरतात.

खोकी जमिनीवर रचू नयेत. कोकणातील ओलीने पुठ्ठा भिजतो, उंदीर कुरतडतात आणि सुईच्या अग्राएवढ्या छिद्रातूनही जंतू आत जातात. पुराचे पाणी लागलेले खोके बाहेरून कितीही चांगले दिसले तरी टाकून द्यावे. भोगावती वा कुंडलिका यांच्या काठच्या घरांनी ती माळ्यावर किंवा उंच फळीवर ठेवणे बरे. हे दूध नेहमीच्या दुधाहून महाग पडते. ज्यांच्या गोठ्यात दूध आहे, त्यांनी रोजच्या वापरासाठी ते घेण्याचे कारण नाही. पावसाळ्याच्या चार महिन्यांसाठी काही लहान खोकी राखून ठेवणे एवढाच त्याचा योग्य उपयोग होय.

वीज गेली असता काय करावे ?

एक उदाहरण घेऊ. रोहे तालुक्यातील एका घरात सायंकाळी सहा वाजता वीज जाते. घरात सकाळी उकळून थंड केलेले अर्धा लिटर म्हशीचे दूध, न फोडलेली अर्ध्या लिटरची पाश्चरीकृत पिशवी आणि यूएचटी दुधाची दोन लहान खोकी आहेत. नुकतेच काढलेले संध्याकाळचे एक लिटर निरसे दूधही चुलीजवळ आहे.

प्रथम निरसे दूध उकळावे, कारण त्याची वेळ सर्वांत आधी संपते. शीतकपाटाचे दार बंद राहू दिले तर आतील थंडी सुमारे चार तास टिकते. पुन्हा पुन्हा उघडून पाहिल्यास ती लवकर जाते. रात्री दहापर्यंत वीज आली नाही, तर सकाळचे दूध व पिशवीतील दूध थंड आहे तोवरच बाहेर काढावे व वेगवेगळे उकळावे. लागेल तेवढे प्यावे. उरलेले कोमट झाल्यावर ताजे विरजण लावून दही करावे. दह्यातील आम्लामुळे इतर बहुतेक जंतूंची वाढ अडते, म्हणून शीतकपाट नसताना रात्रभर दूध ठेवण्यापेक्षा दही ठेवणे अधिक सुरक्षित असते. मात्र विरजण नेहमी उकळलेल्या दुधासच लावावे. यूएचटी खोक्यांस हात लावण्याची गरज नाही. ती दुसऱ्या दिवशी लहान मुलांसाठी, गर्भिणीसाठी किंवा आजाऱ्यासाठी एकेक करून फोडावीत.

समजा, घरची मंडळी झोपी गेली आणि पिशवीतील दूध पहाटेपर्यंत तसेच कोमट राहिले. सकाळी ते उकळून चालेल काय ? याचे उत्तर नाही असेच आहे, आणि त्याचे कारण लक्षात ठेवण्याजोगे आहे. काही जंतू दुधात वाढताना विष सोडतात. उकळीने जंतू मरतात, पण त्यांनी सोडलेली काही विषे उकळीनेही नाहीशी होत नाहीत. दगडी झालेल्या कासेतून किंवा हाताच्या पिकलेल्या जखमेतून दुधात येणारे जंतू या प्रकारचे असतात. असे दूध प्याल्यावर काही तासांतच उलट्या सुरू होतात. उकळी ही वेळेवर दिली तरच उपयोगी; बिघडलेले दूध तिने सुधारत नाही. दगडीच्या जनावराचे दूध चांगल्या दुधात मिसळू नये, हेही यावरून स्पष्ट होईल.

दूध बिघडल्याचे कसे ओळखावे ?

निरशा दुधाची परीक्षा सोपी आहे. चमचाभर दूध लहान भांड्यात उकळून पाहावे. कण दिसले किंवा दूध फाटले तर त्यात आम्लता वाढली आहे असे समजावे. निरसे दूध बिघडताना आंबट होते आणि त्याचा वास आपणांस सावध करतो.

पाश्चरीकृत व यूएचटी दुधांच्या बाबतीत मात्र नाकावर विसंबणे धोक्याचे आहे. आंबविणारे जंतू त्यांत आधीच मेलेले असतात. शिल्लक राहिलेले किंवा नंतर शिरलेले जंतू दूध आंबट न करता त्यातील प्रथिने फोडतात. त्यामुळे दूध कडवट लागते, तारदार होते, किंवा आंबट न होताच घट्ट बनते. आंबट वास नाही म्हणून दूध चांगले, असा निष्कर्ष येथे काढता येत नाही. पिशवी वा खोके फुगणे, चव कडू लागणे, ओतताना गुठळ्या पडणे यांपैकी एकही खूण दिसल्यास ते दूध वापरू नये. आणि कोणतीही खूण नसली तरी किती तास ते थंडीबाहेर होते, याचा हिशेब हीच खरी परीक्षा होय.

ग्रामसेवकांसाठी एक प्रात्यक्षिक

ही गोष्ट व्याख्यानापेक्षा प्रत्यक्ष दाखविल्यास लवकर पटते. एकाच गाईचे सकाळचे दूध घेऊन तीन स्वच्छ वाट्यांत समान भरावे. पहिल्या वाटीतील दूध निरसेच झाकून ठेवावे. दुसऱ्या वाटीतील दूध उकळून, निववून, झाकून तिच्याच शेजारी ठेवावे. तिसऱ्या वाटीतील दूध उकळून शीतकपाटात ठेवावे. सायंकाळी महिला मंडळाच्या सभेत तिन्ही वाट्यांतील एकेक चमचा दूध सर्वांसमक्ष उकळून पाहावे. उन्हाळ्यात पहिले दूध बहुधा फाटेल. उरलेली दोन दुधे सारखीच दिसतील. ती तशीच ठेवून दुसऱ्या दिवशी पुन्हा उकळून पाहावीत, म्हणजे उकळीचे काम कोठे संपते व थंडीचे कोठे सुरू होते, हे सर्वांच्या ध्यानी येईल. प्रयोगातील दूध कोणासही पिण्यास देऊ नये.